सहकारी बाईंच्या सेवापूर्तीला बोलायचंय? मनोगत असं तयार करा

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करताना निरोपाचे कार्यक्रम टळत नाहीत. आपण जरा जुने झालो की मुख्याध्यापक सांगतात, "तुम्ही बाईंच्या जवळच्या, तुम्ही दोन शब्द बोला." मग आदल्या रात्री मोबाइलवर चारोळ्या शोधल्या जातात. दुसऱ्या दिवशी तीन वक्ते तीच चारोळी म्हणतात आणि बाई मान खाली घालून शालीची घडी नीट करत बसतात. ही वेळ तुमच्यावर येणार असेल तर पुढचं वाचून घ्या. मी स्वतः दुसरीचा वर्ग घेते. आमच्या पहिलीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी जे बोलले त्याचे काही तुकडे उदाहरण म्हणून दिले आहेत. आमची शाळा बीड जिल्ह्यातली, त्यामुळे ऊसतोडीचा संदर्भ येईल. तुमच्या गावाचं जे असेल ते तुम्ही घ्या.

हाताशी काय ठेवायचं

- बाईंच्या नेमणुकीची आणि बदल्यांची साल (मूळ सेवापुस्तक पंचायत समितीत असतं; दुसरी प्रत बहुतेक जण घरी ठेवतात)
- कार्यक्रमपत्रिका आणि मानपत्राचा कच्चा मजकूर
- शाळेचं शेरेबुक आणि जुने फोटो
- दोन-तीन माजी विद्यार्थी आणि घरातलं एक माणूस, म्हणजे मुलगी, मुलगा किंवा यजमान
- मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला छापलेला किंवा लिहिलेला कागद

१. आधी तारीख बघा

राज्यात शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि नोकरीचा शेवटचा दिवस म्हणजे त्या महिन्याची अखेरची तारीख. ज्यांचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, ते आदल्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतात. आता आपल्या पिढीच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे ते तुम्हाला माहीत आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकली आणि माणूस जन्मभर १ जूनचा झाला. १ जून १९६७ चा जन्म असेल तर निवृत्ती ३१ मे २०२५ ला, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत.

याचा भाषणाशी थेट संबंध आहे. कार्यक्रम सुट्टीआधी एप्रिल अखेरीस किंवा निकालाच्या दिवशी घेतला तर समोर मुलं असतात. ३१ मे लाच घेतला तर नातेवाईक आणि शिक्षक असतात, मुलं जवळपास नसतात. मुलं समोर असतील तर भाषणाचा एक तुकडा त्यांच्याशी बोलायचा ठेवावा लागतो, शिवाय मंडपाच्या पत्र्याखाली सतरंजीवर बसलेल्या पोरांचा जीव उन्हानं किती वेळ टिकेल हेही बघावं लागतं. एप्रिलमध्ये कार्यक्रम असेल तर बाई त्या दिवशी अजून नोकरीतच असतात. "आज बाई निवृत्त झाल्या" असं बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हजेरी घ्यायला येणार असतात.

२. तुमच्या वाट्याला काय येतं ते ठरवा

अशा कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक, मानपत्राचं वाचन, शाल-श्रीफळ आणि साडी, मग मनोगतं, सत्कारमूर्तींचं उत्तर, अध्यक्षीय भाषण आणि आभार. यातल्या प्रास्ताविकात आणि मानपत्रात नेमणुका, बदल्या, पुरस्कार, प्रशिक्षणं असं सगळं येऊन जातं. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले तर ते उपक्रमांबद्दल बोलतात. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गावाच्या वतीनं बोलतात.

म्हणून मानपत्राचा मजकूर आधीच मागून घ्या आणि त्यात जे आहे ते तुमच्या कागदावरून खोडून टाका. तुमच्याकडे एकच गोष्ट उरते, पण ती दुसऱ्या कोणाकडे नसते. या बाई वर्गात प्रत्यक्ष काय करतात हे तुम्ही शेजारून पाहिलेलं असतं. गटशिक्षणाधिकारी वर्षातून एखादा तास बघतात, पालक दारापर्यंत येतात. तुम्ही मात्र भिंतीपलीकडून रोज ऐकलेलं असतं. तुमचं मनोगत त्याच्यावर उभं करा. सेवापुस्तकातली साल फक्त एवढ्यासाठी हवीत की "१९९३ ला आल्या" म्हणायचं आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं "नाही, ९१ ला, पूर आला त्या साली" म्हणायचं, असं होऊ नये.

३. साहित्य गोळा करा, पण बाईंना विचारू नका

बाईंना विचारलंत तर त्या म्हणतील, "माझ्याबद्दल काय बोलायचं, लवकर आटपा." मी तीन ठिकाणी विचारलं.

पहिलं ठिकाण शेरेबुक. भेट दिलेल्या साहेबांनी काय लिहून ठेवलंय ते बघा. बहुतेक शेरे "अध्यापन समाधानकारक" या वळणाचे असतात, ते सोडून द्या. पण एखाद्या पानावर एखादं बारीक निरीक्षण सापडतं. आमच्या शेरेबुकात एका जुन्या भेटीत लिहिलं होतं की पहिलीची मुलं पाहुणे आले तरी आपलं काम थांबवत नाहीत. हे मला पुरेसं होतं.

दुसरं ठिकाण माजी विद्यार्थी. "बाई कशा होत्या?" असा प्रश्न विचारला तर "खूप प्रेमळ" असं उत्तर मिळतं आणि त्याचं पुढे काही करता येत नाही. मी विचारलं, "तू पहिल्या दिवशी रडलीस तेव्हा बाईंनी काय केलं?" आणि "चुकलं की काय म्हणायच्या?" आता स्वतः आई झालेली एक मुलगी म्हणाली, "काहीच केलं नाही. मला दारातच बसू दिलं. तीन दिवस मी उंबऱ्यावर बसून शाळा बघितली. चौथ्या दिवशी आपली आपण आत गेले." प्रश्न कृतीबद्दल विचारला की उत्तरही कृतीचं येतं.

तिसरं ठिकाण घर. बाईंच्या मुलीला मी एकच विचारलं, आई शाळेतून काय घरी आणते? ती म्हणाली, खडूची पूड आणि पोरांची नावं. जेवताना एखाद्याचं नाव घेऊन म्हणते, आज त्यानं "आई" लिहिलं.

एवढं जमलं की थांबा. तुम्हाला दोन किंवा तीनच गोष्टी लागणार आहेत.

४. एकच धागा पकडा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जमवलेल्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या तर ऐकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्यातून बाईंची एक रीत शोधा. "समर्पित", "विद्यार्थिप्रिय", "शिस्तप्रिय" हे शब्द कोणत्याही शिक्षकाला चिकटवता येतात, म्हणून ते बाजूला ठेवा. रीत म्हणजे ठरावीक प्रसंगी हे माणूस काय करतं ते.

उंबऱ्यावरची मुलगी, पाहुण्यांकडे न बघणारी पोरं आणि माझा स्वतःचा अनुभव मी शेजारी शेजारी ठेवले. माझा अनुभव असा की दर जूनला बाईंची मुलं माझ्या वर्गात येतात आणि त्यातलं कुणीही घाबरलेलं नसतं. मग लक्षात आलं, बाई घाई करत नाहीत. मूल जिथे असेल तिथून ते स्वतः हलेपर्यंत त्या थांबतात. हा माझा धागा झाला. याच धाग्यात आमच्या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट बसली, ती ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या येतात, आईबाप कारखान्याला निघतात आणि पोरंही त्यांच्याबरोबर कोपीवर जातात. ती परत येतात तेव्हा पाडवा उलटलेला असतो. पहिलीच्या वर्गातली अर्धी पोरं मध्येच पाच महिने गायब होतात. अशा वर्गात घाई न करणं म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येकाला न सांगता कळतं.

धागा सापडला की त्यात न बसणारी गोष्ट कितीही गोड असली तरी काढून टाका. सहलीला एसटी बंद पडली तो किस्सा मला फार आवडायचा. मी तो काढला आणि नंतर जेवणाच्या पंगतीत सांगितला.

५. लिहून काढा: सात मिनिटं, सातशे शब्द

व्यासपीठावर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. सात मिनिटांच्या वर जाऊ नका. मुद्दे लिहून "बाकी आयत्या वेळी बघू" असं करू नका. जवळचं माणूस समोर बसलेलं असताना आयत्या वेळी फक्त गळा दाटतो.

सुरुवातीला मान्यवरांची नावं घेण्यातच वक्ते दोन मिनिटं घालवतात, आणि एखादं नाव राहिलं तर त्याचा राग वर्षभर पुरतो. प्रास्ताविकात सगळी नावं येऊन गेलेली असतात. मी असं केलं:

"अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, गावकरी मंडळी आणि माझ्या पोरांनो. पहिलीच्या आणि दुसरीच्या वर्गात एक भिंत आहे. पलीकडे बाई शिकवतात, अलीकडे मी. भिंत अशी आहे की पलीकडची कविता अलीकडे ऐकू येते. माझी पोरं वजाबाकी करता करता पहिलीची कविता म्हणायला लागतात. मी त्यांना कधी थांबवलं नाही. वजाबाकी नंतर होते."

इथे पोरं हसली. हसू लवकर आलं की पुढचं जड बोलणं सोपं जातं. मधल्या भागात तुमचा साक्षीदाराचा अधिकार दिसू द्या:

"दर जूनला बाईंची पोरं माझ्याकडे येतात. सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. जी कारखान्याला गेली होती त्यांची निम्मी अक्षरं राहिलेली असतात. पण मी पुस्तक उघडायला सांगितलं की कुणी मान खाली घालत नाही. 'मला हे येत नाही' असं मोठ्यानं सांगतात. दुसरीच्या शिक्षिकेला याच्याहून जास्त काही नको असतं. येत नाही म्हणणाऱ्या पोराला शिकवता येतं. लपवणाऱ्याला शिकवताना आधी त्याला शोधावं लागतं."

"गाड्या निघायच्या आठवड्यात बाई प्रत्येक पोराच्या दप्तरात एक कागद घालतात. त्यावर दहा शब्द असतात, फक्त दहा. परत आल्यावर पोराला 'इतके दिवस कुठे होतास' असं विचारत नाहीत. म्हणतात, 'कागद आहे का?' कागद फाटलेला असतो, हरवलेला असतो, कुणी त्याची होडी केलेली असते. बाई नवा कागद लिहितात आणि तिथून पुढे सुरू करतात."

यात "महान", "थोर", "आदर्श" यातलं काहीच नाही हे बघा. विशेषण वापरावंसं वाटलं की त्या जागी बाईंनी केलेली एक गोष्ट लिहा. ती सापडली नाही तर विशेषणही लिहू नका.

शेवट बाईंकडे वळून करा आणि लहान ठेवा. "उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचं, निरामय जावो" हे सगळेच म्हणतात आणि आभार मानणारे पुन्हा म्हणतात. मी म्हटलं:

"बाई, जूनमध्ये शाळा उघडेल. पहिलीच्या दारात नवी पोरं रडत उभी असतील. त्या दिवशी तुम्ही यायचं नाही. कुणी फोन केला तरी उचलायचा नाही. आम्ही त्यांना उंबऱ्यावर बसू देऊ. दुसऱ्या दिवशी मात्र या, आणि येताना शेंगदाण्याची चटणी आणा. माझ्या डब्याचं पुढे काय होणार याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही."

६. हे खड्डे चुकवा

सगळ्यात मोठा खड्डा भूतकाळाचा. "बाई फार मायाळू होत्या, त्यांचा स्वभाव शांत होता, त्या नेहमी वेळेवर येत." डोळे मिटून ऐका, हे शोकसभेतलं बोलणं वाटतं. माणूस समोर खुर्चीत हार घालून बसलंय. नोकरीतल्या घटनांना भूतकाळ चालतो, पण स्वभावाला आणि सवयीला वर्तमानकाळच वापरा: "बाई शांत आहेत, चिडल्या की आवाज आणखी हळू होतो." लिहून झाल्यावर कागदावरचा प्रत्येक "होत्या" शोधा आणि तिथे "आहेत" चालतंय का ते बघा.

दुसरा खड्डा विद्यार्थ्याचं नाव. "अमक्याचा पोरगा ढ होता, बाईंनी त्याला घडवलं." तो पोरगा आता तिशीचा असतो, बायकोला घेऊन तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. नाव घ्यायचं तर आधी त्याला विचारा, नाहीतर नाव गाळा. गरिबी, जात, बापाचं व्यसन हे तर नावासकट कधीच सांगू नका. गाव लहान असतं, नाव गाळलं तरी ओळख पटते. मी उंबऱ्यावरच्या मुलीला फोन करून विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "सांगा, पण मीच समोर असणार आहे, माझ्याकडे बघू नका."

तिसरा, "बाईंची जागा कोणीही घेऊ शकत नाही." पहिलीचा वर्ग ज्या नव्या शिक्षिकेला मिळणार आहे ती तिथेच पाणी वाटत असते. तिच्या पुढच्या वर्षाची सुरुवात तुमच्या वाक्यानं बिघडवू नका.

बाकीचे थोडक्यात सांगते. आता किती पैसे मिळणार यावर विनोद नको, व्याजानं मागणारे नातेवाईक मंडपातच असतात. बाईंचं आजारपण, गुडघे, बीपी नको. अशैक्षणिक कामं, ऑनलाइन माहित्या, रखडलेल्या बदल्या यांवरचा राग खरा असला तरी तो संघटनेच्या बैठकीत काढा. "यजमानांच्या पाठिंब्यामुळेच" असं म्हणताना जरा थांबा. खरंच पाठिंबा असेल तर एक प्रसंग सांगा, नसेल तर गप्प बसा, घरच्यांना खरं माहीत असतं.

७. मोठ्यानं वाचा आणि छोटी प्रत तयार ठेवा

घरी तीनदा मोठ्यानं वाचा, घड्याळ लावून. जिथे तुमचा आवाज अडतो तिथे पेन्सिलनं आडवी रेघ मारा. कार्यक्रमात नेमका तिथेच अडणार आहे. त्या रेघेपाशी थांबायचं, पाणी प्यायचं, पुढचं वाक्य वाचायचं. आधीच ठरवलेलं असलं की थांबणं अवघड वाटत नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं तर "रडू नका बाई" असं माइकवर म्हणू नका, सगळा मंडप त्यांच्याकडे बघायला लागतो. कागदाकडे बघा आणि वाचत राहा.

कार्यक्रम लांबतो हे गृहीत धरा. एखादे पाहुणे उशिरा येतात, सत्काराच्या शाली संपत नाहीत, तोवर वीज गेलेली असते. तुमची पाळी येईपर्यंत सूत्रसंचालक हात जोडून "दोन मिनिटांत" म्हणत असतो. यासाठी कागदावर आधीच खूण करून ठेवा की काय गाळायचं. माझ्या कागदावर सुरुवात, दहा शब्दांचा कागद आणि शेवट या तीन तुकड्यांभोवती चौकट होती. तेवढंच वाचलं तरी बोलणं पूर्ण झालं असतं. सुरुवात वाचून मधूनच शेवटावर उडी मारणाऱ्याला हे जमत नाही, कारण त्याचा धागाच सुटतो.

माइक गेला तर दोन पावलं पुढे या आणि मुलांच्या रांगेशी उभं राहून बोला. वर्गात रोज तेच करतो.

८. बोलून झाल्यावर

कागद टेबलावर सोडू नका, हारांबरोबर तो कचऱ्यात जातो. त्याची स्वच्छ प्रत काढून दोन-चार दिवसांनी बाईंच्या घरी द्या. कार्यक्रमाच्या दिवशी सत्कारमूर्तीला फारसं काही ऐकू येत नाही. कोण आलं, कोण जेवलं, कोणाला परतीची एसटी मिळेल याकडेच त्यांचं लक्ष असतं. माझ्या बाईंनी माझं भाषण नंतर घरी बसून वाचलं आणि फोन करून म्हणाल्या, "दहा नाही, बारा शब्द असतात कागदावर."